ठेवला की परत केला

धरणगावची सुलक्षणा पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा सगळं बोलणं तिच्या नवऱ्यानेच केलं. ती खुर्चीच्या टोकावर पर्स मांडीत धरून बसली होती. ज्या बाईचा आवाज दोन लाख लोक रोज मोबाइलवर ऐकतात, तिने माझ्या ऑफिसात पाऊण तासात एकच वाक्य उच्चारलं: "ताई, पंखा जरा कमी करता का?"

माझं ऑफिस जळगावात दाणा बाजारात, वडिलांच्या डाळीच्या पेढीच्या वर आहे. खाली तूरडाळ, वर आयकर. व्यापाऱ्यांच्या फायली करता करता गेल्या तीन-चार वर्षांत रीलवाले यायला लागले. कोणी केसांचं तेल विकतो, कोणी ट्रॅक्टरवर उभं राहून नाचतो. कंपन्या त्यांना पैसे देतात, आणि बहुतेकांना वाटतं की मोबाइलवर आलेला पैसा आयकर खात्याला दिसत नाही. दिसतो. किराणा दुकानापेक्षा जास्त दिसतो, कारण देणारा आधी कर कापतो आणि मग तुमच्या पॅनवर नोंद करून ठेवतो.

सुलक्षणा स्वयंपाकाची रील करायची. कळण्याची भाकरी, डुबुकवड्या, वांग्याचं भरीत, शेवभाजी. चेहरा फारसा दाखवायची नाही, हात दाखवायची. बोलायची अहिराणीत, आणि प्रत्येक रीलच्या शेवटी कढईवर झाकण ठेवून म्हणायची, "बठ्ठं सोपं शे." सगळं सोपं आहे. लोक त्या तीन शब्दांसाठी पाहायचे. माझे वडील अभयकुमार, मसाल्याची कुठलीही जाहिरात बघून नाक मुरडणारे, तेसुद्धा पेढीवर वजन करताना गिऱ्हाइकाला "बठ्ठं सोपं शे" म्हणायला लागले होते.

नवरा प्रेमराज नरडाण्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. तिथे खोली घेऊन राहायचा, शनिवारी धरणगावला यायचा. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत, पण त्याबद्दल फी वेगळी घेता येत नाही.

"मॅडम, कंपन्या दहा टक्के कापून घेतात. ते परत मिळतात म्हणे," तो म्हणाला.

परत मिळतात, जर कापलेला कर प्रत्यक्ष देय करापेक्षा जास्त असेल तर. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, आणि विवरणपत्रासाठी नोंदी लागतात. त्यांच्याकडे नोंदी म्हणजे व्हॉट्सअॅपवरच्या गप्पा होत्या. कोणत्या कंपनीने किती कबूल केले, किती दिले, कधी दिले, सगळं त्या हिरव्या फुग्यांत. बिल एकाचंही नव्हतं.

मी सुलक्षणाला मोबाइलवर एक साधी शीट करून दिली. प्रत्येक कामाला एक ओळ. बिलाचा क्रमांक, तारीख, कंपनी, काम काय, रक्कम, कापलेला कर, हातात आलेली रक्कम, कोणत्या खात्यात. बिलाचा नमुनाही दिला: वर तिचं नाव, पत्ता, पॅन, खाली बँकेचा तपशील. उलाढाल वीस लाखांच्या खूप आत, म्हणून जीएसटीची भानगड नाही. खर्चाची बिलं एका पिशवीत: दिवा, स्टँड, इंटरनेट, सामान. आणि शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला, कारण रीलवाल्यांच्या घरात वस्तू फार येतात: वस्तू मिळाली असल्यास ठेवली की परत केली.

"याने काय फरक पडतो?" प्रेमराजने विचारलं.

"रील करून वस्तू कंपनीला परत दिली तर ते उत्पन्न नाही. ठेवून घेतली तर तिची किंमत उत्पन्नात धरायची. एका कंपनीकडून वर्षात वीस हजारांच्या वर गेलं तर कंपनीला त्यावरही दहा टक्के कर भरून दाखवावा लागतो."

तो हसला. "म्हणजे फुकटचा कुकरही फुकट नाही."

बँकेचा तपशील विचारला तेव्हा त्याने जॉइंट खात्याचा नंबर दिला. दोघांचं नाव होतं, म्हणून कुठल्याच कंपनीने शंका घेतली नाही. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि बँकेचे संदेश त्याच्या मोबाइलवर, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं कोणी? बोलणारा तोच होता.

आता सुलक्षणाबद्दल सांगते. बारावीनंतर लग्न झालेली ही बाई नोंदी अशा ठेवायला लागली की माझ्याकडचे चाळीस वर्षं धंदा केलेले व्यापारी लाजावेत, पण ते लाजत नाहीत ही गोष्ट वेगळी. तिला त्यात सुख मिळायचं. दर महिन्याला फोन यायचा. "ताई, सतरा नंबरचं बिल पाठवलं. ताई, चहावाल्यांनी पैसे दिले, पण कर जास्त कापला का?" एकदा म्हणाली, "घरात मी कितीही राबले तरी संध्याकाळी काही उरत नाही. इथे ओळ उरते." मला ते वाक्य आवडलं होतं. आज आठवलं की राग येतो, तिचा नाही.

फ्रीजचं प्रकरण तिच्या रील करण्याच्या तिसऱ्या वर्षातलं. एका कंपनीने दोन दरवाजांचा फ्रीज दिला, किंमत शेहेचाळीस हजार. तिने त्याच्यावर दोन रील केल्या. एकीत ठेचा महिनाभर कसा टिकवायचा ते दाखवलं. दिवाळीनंतर ती चार दिवस माहेरी अमळनेरला गेली, आणि परत आली तेव्हा फ्रीज नव्हता.

"कंपनीचा टेम्पो येऊन घेऊन गेला," प्रेमराज म्हणाला. "शूटिंगपुरताच होता."

तिने शीट उघडली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: परत केला. मग जुन्या, दार नीट न लागणाऱ्या फ्रीजला पुन्हा दोरी बांधली.

पुढच्या जूनमध्ये मी तिची फाइल काढली. कंपन्यांनी वर्षअखेरच्या तिमाहीची विवरणं भरली की आपल्या पॅनवरच्या नोंदी पुऱ्या दिसतात, म्हणून मी जूनच्या मध्यापर्यंत थांबते. तिची शीट आणि पोर्टलवरच्या नोंदी ओळीला ओळ लावल्या. सगळं जुळलं. एक ओळ सोडून. फ्रीजच्या कंपनीने शेहेचाळीस हजारांचा लाभ तिच्या नावावर दाखवून त्यावरचा कर भरला होता.

मी फोन केला. "फ्रीज परत केल्याची पावती आहे का?"

"पावती ह्यांच्याकडे असेल."

प्रेमराजला विचारलं तर तो चिडला. मॅडमला काम कमी आहे का, म्हणाला. भरून टाका, शेहेचाळीस हजारांनी काय होतंय. मला काहीच होत नव्हतं. पण खोटी ओळ भरायची माझी पद्धत नाही. खरंच परत केला असेल तर कंपनीने नोंद दुरुस्त करायला हवी. आमच्याकडे म्हण आहे, हिसाब जौ-जौ, बक्षीस सौ-सौ. दान शंभराचं करा, पण हिशेब जवाच्या दाण्याचा. मी सुलक्षणाला कंपनीला मेल लिहायला सांगितलं, मजकूरही मीच दिला.

दोन दिवसांत उत्तर आलं. फ्रीज भेट म्हणून दिलेला आहे, परत मागवलेला नाही, आमचा कोणीही माणूस तो न्यायला आला नव्हता. सोबत तिच्याच सहीचं डिलिव्हरी चलन.

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने ती नरडाण्याला गेली. नवऱ्याच्या खोलीवर ती सहा वर्षांत कधी गेली नव्हती. बायकांनी यायची जागा नाही, चार पोरं एकत्र राहतो, असं तो सांगायचा.

दार एका बाईने उघडलं. रूपा तिचं नाव. तिशीची, साधी, पीठ लागलेले हात. सुलक्षणाकडे बघून तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही त्या ना? बठ्ठं सोपं शे? मी तुमचं सगळं बघते."

तिने आत बोलावलं, फ्रीज उघडला आणि गार पाण्याचा तांब्या सुलक्षणाच्या हातात दिला. फ्रीजच्या दारावर कंपनीने चिकटवलेलं फूल तसंच होतं, सुलक्षणानेच रीलसाठी ते काढलं नव्हतं. ती पाणी प्यायली. फार उन्हातून आले होते ताई, तिने मला नंतर सांगितलं, आणि ते पाणी मला चांगलं लागलं, याची मला लाज वाटते.

शनिवारी प्रेमराज घरी आला. त्याने नाकारलं नाही. नाकारायची गरजच त्याला वाटली नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत नीच वाटतं ते हेच.

"आता काय करणार?" त्याने विचारलं. "कोर्टात जाणार? पोटगी मागणार? तीन वर्षं सहा-सहा लाखांचं उत्पन्न तुझ्या नावावर आहे. तुझ्याच सहीची बिलं, तुझाच पॅन. तूच लिहून ठेवलंस की एवढं सुंदर. वकील तेच काढून दाखवेल."

सासू भिकुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. तिने मान वर न करता भर घातली. "तूच कमावनारी शे ना? मंग तुले कोनी गरज? मना पोर्‍याले कशाले धरस?"

सोमवारी सुलक्षणा माझ्यासमोर बसली. या वेळी खुर्चीच्या टोकावर नाही, पूर्ण टेकून. मी खात्याचा उतारा मागवला होता. कंपन्यांचे पैसे यायचे, दुसऱ्याच दिवशी प्रेमराजच्या पगाराच्या खात्यात जायचे. आधीच्या दोन वर्षांचे मी मिळवून दिलेले परतावेही त्याच वाटेने गेले होते. खात्यात तेव्हा नऊशे रुपये होते. तीन वर्षांच्या भाकऱ्या, आणि नऊशे रुपये.

"ताई, खरं सांगा. हे उत्पन्न कोणाचं?"

मी गोड बोलू शकले असते. माझ्या तोंडात ते बसत नाही. "तुझं. काम तुझं, बिल तुझं, पॅन तुझा. पैसे कोणी उडवले हे आयकर खातं विचारत नाही. कोर्टात उतारे दाखवून सांगता येईल की पैसे त्यानेच काढले, वकील तसं लढेलही. पण वर्षं जातील, आणि पहिला कागद तुझ्या विरुद्धच उभा राहील."

"आणि फ्रीज?"

"तोही तुझाच. परत केलेला नाही, म्हणून शेहेचाळीस हजार तुझ्या उत्पन्नात धरणार. 'परत केला' आता लिहिता येणार नाही."

 खाली हमाल पोती टाकत होते, जमीन हादरत होती. मग ती रडली. रुमाल वगैरे न काढता, शीटवर डोळे ठेवून रडली. मी पंखा कमी केला. दुसरं काही सुचलं नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे सरकारच्या लेखी फ्रीज माझा, आणि माझ्याकडेच आहे?"

"हो."

"मग तो माझ्याकडे पाहिजे."

त्या दिवशी तिने जळगावातच स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघडलं. आधार, पॅन, दोन फोटो, बस. संध्याकाळपर्यंत बिलाच्या नमुन्यातला बँकेचा तपशील बदलला आणि चालू कामांच्या सगळ्या कंपन्यांना कळवलं. मी पोर्टलवर परताव्यासाठी नवं खातं पडताळून घेतलं. एवढ्याने प्रेमराजचा नळ बंद झाला. एवढं सोपं होतं, आणि तीन वर्षं कोणी केलं नव्हतं. मी तिथेच थांबले असते. ती थांबली नाही.

गुरुवारी तिने समाधानचा टेम्पो ठरवला. हा समाधान धरणगावचाच, मार्केटला कापसाच्या गाठी आणि लग्नाचं सामान वाहणारा. मी सोबत गेले. कशासाठी, विचाराल तर सरळ सांगते: मला बघायचं होतं. पाऊस लांबला होता, अमळनेरच्या पुढे रस्त्यावर डांबर चाकांना चिकटत होतं.

प्रेमराज कामावर होता. तिने ती वेळ बघूनच निवडली होती. रूपाने दार उघडलं आणि या वेळी तिचा चेहरा उजळला नाही.

सुलक्षणाने चलन पुढे धरलं. "फ्रीज न्यायला आले."

"ते आल्यावर न्या ना. संध्याकाळी येतील."

"ते मालक नाहीत."

तिचा आवाज वाढला नाही. शेजारच्या दोन बायका दारात आल्या तर सुलक्षणाने त्यांनाही चलन दाखवलं, वाचता येत असेल तर वाचा म्हणाली. मग तिने फ्रीजची वायर काढली, दोन्ही दारं उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर ओळीने मांडायला लागली. दुधाच्या पिशव्या. अर्धं कलिंगड. कोथिंबीर. आणि एक काचेची बरणी, तिच्या हाताने चिठ्ठी चिकटवलेली: ठेचा, लसूण कमी. दर सोमवारी नवऱ्याला मेसचं जेवण जात नाही म्हणून ती डबा भरून द्यायची, त्यातली बरणी. तिने ती क्षणभर हातात धरली आणि फरशीवर न ठेवता पिशवीत टाकली.

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? त्या रूपाचा पडलेला चेहरा बघून मला चांगलंच बरं वाटत होतं.

दारातल्या कप्प्यात औषधाची छोटी खोकी होती. रूपाने पहिल्यांदाच हात पुढे केला.

"ते राहू द्या. आईचं इन्सुलिन आहे. या उन्हात बाहेर टिकत नाही. पाया पडते, संध्याकाळपर्यंत राहू द्या. मी दुसरीकडे ठेवायची सोय करते."

तेव्हा मला कोपऱ्यातली खाट दिसली. खाटेवर एक म्हातारी, पायाला पट्टी बांधलेली, आमच्याकडे कान देऊन बसली होती. डोळ्यांनी तिला दिसत नसावं. पत्र्याच्या त्या खोलीत उभं राहवत नव्हतं इतकं तापलं होतं.

"सुलक्षणा," मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबू या. समाधानला मी जास्त पैसे देते."

ती माझ्याकडे वळली. "ताई, उत्पन्न कोणाचं?"

"तुझं."

"ठेवला की परत केला?"

 तिने खोकी उचलली आणि खाटेवर म्हातारीच्या उशाशी नीट मांडली. मग रूपाला, अगदी रीलमध्ये सांगते त्या आवाजात, न घाई करता, शब्द मोजून सांगितलं:

"सुती फडकं ओलं करायचं. त्यात खोकी गुंडाळायची. मातीच्या भांड्यात घालून माठाच्या सावलीला ठेवायची. फडकं सुकलं की पुन्हा ओलं करायचं. बठ्ठं सोपं शे."

म्हातारीने मान वर केली. "रूपा, ही तीच का वं? मोबाइलमधली?" आणि हात जोडले. "चांगलं सांगते बाई. तुझंच ऐकून तर आम्ही रांधतो."

रूपा फरशीवरच्या दुधाच्या पिशव्यांकडे बघत राहिली. समाधान आणि त्याचा भाऊ फ्रीज आडवा न करता जिन्यावरून उतरवत होते. सुलक्षणा खाली त्यांना सांगत होती, कोपरा जपा, मला त्याच्यावर अजून रील करायची आहे.

  मला तिची दया यायची, ती त्या दिवसापासून येत नाही. भीती वाटते म्हणावं तर तेही खरं नाही. तिला असं कोणी केलं हे मला ठाऊक आहे, आणि ज्याने केलं तो त्या दुपारी कंपनीत थंड हवेत बसलेला होता. त्याचं काही बिघडलं नाही. दोन्ही घरांत बिघडलं ते बायकांचंच.

पुढच्या आठवड्यात तिचं विवरणपत्र भरलं. फ्रीज उत्पन्नात धरला. तरी एकूण उत्पन्न करसवलतीच्या मर्यादेत बसलं, म्हणून कापलेला सगळा कर परत मिळणार होता, या वेळी तिच्या खात्यात. ओटीपी तिच्या मोबाइलवर आला, तिनेच टाकला. मग शीट उघडून तिने शेवटच्या रकान्यातलं 'परत केला' पुसलं आणि 'ठेवला' लिहिलं. पेढे आणले होते. माझ्या वडिलांनाही खाली जाऊन दिले. ते खूश झाले.

ती निघताना मी विचारलं, "त्या म्हातारीच्या इन्सुलिनचं काय झालं? काही कळलं का?"

पर्सची चेन लावत ती म्हणाली, "नाही ताई. त्याचा रकाना कुठे आहे?"